ब्रँड गाइडलाइन तपासतेय: दोन पानांवर दोन नियम, आणि 'आपुलकी' म्हणजे नक्की काय?

शाईपेन (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. एका पॅथॉलॉजी लॅबचं काम हाती आलंय. बऱ्याच शाखा आहेत, नाव लिहीत नाही. त्यांची ५२ पानी ब्रँड गाइडलाइन तपासून द्यायची आहे. लोगो, रंग, फॉन्ट दुसरं कुणी बघतंय. माझ्याकडे मराठी मजकुराचा भाग आहे, पान ६ ते ३४. अ‍ॅप, एसेमेस, पावती, घरी नमुना घ्यायला येणाऱ्या मुलांचं बोलणं, सगळ्याला हाच कागद लागू.

दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, छान आहे. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले तेव्हा गाडी अडायला लागली. पान ९ वर लिहिलंय, 'ग्राहकाला नेहमी आपण म्हणावे.' पान २२ वर बटणांचे नमुने आहेत, त्यात 'तुमचे रिपोर्ट' आणि 'रिपोर्ट पहा'. त्याच पानावर खाली 'रिपोर्ट पाहा'. पान ११ म्हणतं बोलीच्या जवळ जा, पान १२ म्हणतं प्रमाण शुद्धलेखन पाळा. आणि पान १० वरचं हे वाक्य तर मी भिंतीवर लावणार आहे: 'आपली भाषा सोपी, आपुलकीची आणि विश्वासार्ह असावी.' बास. पुढे एकही उदाहरण नाही. कसं लिहायचं तेही नाही आणि कसं लिहायचं नाही तेही नाही.

अशी तपासणी तुम्ही कशी करता? नुसती चुकांची यादी देऊ की आणखी काही? शुक्रवारी द्यायचंय.

मंदार_नाशिक (सोमवार, रात्री १०.०५)

यात एवढं काय? एकच ओळ लिहून द्या: शासनमान्य शुद्धलेखनाचे नियम पाळावेत. १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४, एकूण १८. 'केलं' चूक, 'केले' बरोबर. 'पहा' चूक, 'पाहा' बरोबर. बोलीबिली काही नाही. अर्धी गाइडलाइन तिथेच संपते.

मसाल्यांची_राणी (सोमवार, रात्री १०.२०)

माझाही घरगुती मसाल्यांचा ब्रँड आहे, म्हणून धागा उघडला. डिझायनरने लाल आणि हिरवा रंग दिलाय, नवरा म्हणतो पिवळा हवा. गाइडलाइन करून घ्यायची तर साधारण किती खर्च येतो? आणि कांदा-लसूण मसाल्याला हिरवा चालेल का?

पूर्णविराम (सोमवार, रात्री ११.१५)

राणीताई, रंगांचा वेगळा धागा काढा, तिथे नक्की बोलू. इथे मजकुराचं चाललंय.

मंदार, तुमचं 'पाहा' बरोबर आहे. आज्ञार्थी राहा, पाहा, वाहा असं नियमातच आहे. पण 'केलं' सरसकट चूक नाही. बोलल्यासारखं लिहिताना अनुस्वाराची रूपं चालतात, एरवी एकारान्त लिहायचं, असं तेच नियम सांगतात. म्हणजे 'शुद्धलेखन पाळा' एवढं म्हटल्याने शाईपेन यांचा प्रश्न सुटत नाही. अ‍ॅपमधलं वाक्य हे बोलणं समजायचं की लेखी सूचना, ते ब्रँडने ठरवायचं असतं. ते ठरवलेलं नाही म्हणून पान ११ आणि १२ भांडताहेत.

शाईपेन, आता तुमच्याकडे वळतो. मी जाहिरातीच्या धंद्यात पंचवीसेक वर्षं मुद्रितं तपासली, त्यात असे बरेच कागद हातून गेले. वाचत वाचत समासात खुणा करू नका. हा कागद गोष्टीसारखा वाचला की नेहमी छानच वाटतो. एक तक्ता करा. प्रत्येक नियम एका ओळीत उतरवा, शेजारी पान नंबर. मग तिसरा रकाना: हा नियम कुठे लागू? बटण, एसेमेस, पावती, तक्रारीचं उत्तर, भिंतीवरचा फलक. जिथे कागद काही सांगत नाही तिथे 'सगळीकडे' लिहा. आणि मग विषयाप्रमाणे ओळी लावा, संबोधन एकत्र, आकडे एकत्र, इंग्रजी शब्द एकत्र. तेरा पानांचं अंतर असलेले दोन नियम शेजारी आले की भांडण आपोआप दिसतं.

तिसरा रकाना भरताना लक्षात येईल की बहुतेक विसंगती खऱ्या विसंगती नसतातच. दोन्ही नियम आपापल्या जागी ठीक असतात, कुठली जागा ते लिहायचं राहिलेलं असतं. ज्याने पान ९ लिहिलं त्याच्या डोळ्यासमोर पत्र होतं, पान २२ वाल्याच्या डोळ्यासमोर मोबाइल.

शाईपेन (मंगळवार, दुपारी १.३०)

तक्ता केला. ७४ नियम निघाले, त्यात ५१ पुढे 'सगळीकडे'. 😐

'आपण' वर जरा थांबले. काका, इथे मला नुसती जागेची अडचण वाटत नाही, शब्दातच घोळ आहे. त्यांचा नमुना असा: 'आपण उद्या सकाळी नमुना घेऊ.' आता नमुना कोण घेणार? लॅब घेणार, की पेशंट आणि लॅब मिळून? दुसरा नमुना: 'आपला रिपोर्ट आपल्याकडे पाठवला आहे.' म्हणजे लॅबचा रिपोर्ट लॅबकडे? मराठीत 'आपण' आदरार्थीही असतं आणि 'आपण सगळे' वालंही असतं. गाइडलाइनमध्ये आदर तेवढा बघितलाय. 'तुम्ही' ठेवलं तर ही गल्लत होत नाही आणि आदरही जात नाही. मी तसंच सुचवणार आहे. 'आपण' फक्त वरिष्ठांच्या सहीच्या पत्रात.

मंदार_नाशिक (मंगळवार, दुपारी १.५०)

माझे आजोबा असते तर 'तुम्ही'वर रागावले असते. पण 'आपला रिपोर्ट आपल्याकडे' वाचून हसू आलं, मान्य.

कोकणवारा (मंगळवार, दुपारी ४.१०)

मी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेतो. वेगळ्या लॅबमध्ये. एक सांगू का? तुमच्या कागदात उपाशीपोटी यायची सूचना कशी लिहिलीय ते बघा. आमच्याकडे एसेमेसमध्ये 'तपासणीपूर्वी काही खाऊ नये' असं होतं. सकाळी साडेसहाला बेल वाजवतो, काकू दार उघडतात. विचारतो, काही खाल्लंत का? 'छे, काही नाही खाल्लं.' सुई काढेपर्यंत ओट्यावर कपबशी दिसते. 'चहा तेवढा घेतला, तो काय खाणं आहे?' त्यांचं बरोबरच आहे. चहा खात नाहीत, पितात. साखर-दुधाचा चहा पोटात गेला म्हणजे उपाशीपोटीची शुगर बाद, मला दुसऱ्या दिवशी पुन्हा चक्कर. आणि उलटंही होतं. काही लोक पाणीसुद्धा पीत नाहीत, मग शीर सापडत नाही.

शाईपेन (मंगळवार, संध्याकाळी ६.२५)

कोकणवारा, तुम्ही माझी मीटिंग वाचवलीत. पान १८ उघडलं. 'सूचना थोडक्यात आणि सकारात्मक द्याव्यात.' उदाहरण: 'उपाशीपोटी या, निरोगी राहा!' किती तास उपाशी ते नाही, चहाचं नाही, पाण्याचं नाही. आणि गंमत म्हणजे ते उदाहरण त्यांच्या नियमाप्रमाणे अगदी बरोबर आहे. थोडक्यात आहे, सकारात्मक आहे.

मी बरोबर-चूक अशी जोडी करून बघतेय, सांगा कशी वाटते.

चूक: उपाशीपोटी या, निरोगी राहा!
चूक: तपासणीपूर्वी काही खाऊ नये.
बरोबर: तपासणीच्या आधी किमान ८ तास काही खाऊ-पिऊ नका. चहा-कॉफीही नको. साधं पाणी प्यायलं तर चालेल.

कोकणवारा (मंगळवार, संध्याकाळी ६.४०)

उपाशीपोटीच्या शुगरला ८ ठीक. कोलेस्टेरॉलसाठी डॉक्टरने उपाशी सांगितलं असेल तर ९ ते १२ तास सांगतात. म्हणून तासांचा आकडा तपासणीप्रमाणे बदलता ठेवा, वाक्य तेच. आणि रोजच्या गोळ्यांचं काय, हे सगळ्यात जास्त विचारतात. त्याचं उत्तर एसेमेसमध्ये देऊ नका, 'डॉक्टरांना विचारा' एवढंच.

पूर्णविराम (मंगळवार, रात्री ९.००)

जोडी चांगली आहे, पण दोन्ही 'चूक' एका माळेत ओवू नका. पहिली चूक आहे कारण तिच्यात माहितीच नाही. दुसरी चूक आहे कारण ती 'खाणं' या शब्दावर विसंबली. लिहिणाऱ्याला कारण कळलं नाही तर तो तुमचं 'बरोबर' वाक्य तेवढं पाठ करेल आणि लघवीच्या तपासणीची सूचना लिहिताना पुन्हा पहिल्यासारखंच लिहील. प्रत्येक 'चूक' खाली एक ओळ: का चूक.

आणखी एक. चुकीचं उदाहरण मुद्दाम वेडगळ रचू नका. 'अहो येडे, उपाशी या' असं कुणीच लिहीत नाही, त्यातून कुणी काही शिकतही नाही. चुकीचं उदाहरण असं हवं की वाचणाऱ्याने म्हणावं, अरेच्चा, हे तर मीच परवा लिहिलं. ते त्यांच्याच जुन्या एसेमेसमधून काढा.

आता तुमच्या 'आपुलकी'कडे. असा नियम मोघम आहे हे क्लायंटला सांगून पटत नाही, त्यांना तो आवडत असतो. दाखवावं लागतं. तीन जणांना एकच काम द्या, एकमेकांना न विचारता लिहायला सांगा.

शाईपेन (बुधवार, रात्री १०.३०)

केलं काका. ऑफिसातल्या तिघांना पान १० दिलं आणि म्हटलं, उद्या सकाळी घरी नमुना घ्यायला माणूस येणार आहे, हे कळवा. आलेली उत्तरं जशीच्या तशी:

एक: 'काकू, उद्या सकाळी येतोय हं आम्ही! चहा नंतर घेऊ. 😊'
दोन: 'आपला नमुना उद्या स. ७ ते ८ या वेळेत संकलित करण्यात येईल.'
तीन: 'उद्या सकाळी ७ ते ८ च्या दरम्यान नमुना घ्यायला घरी येऊ. येणाऱ्याचं ओळखपत्र बघूनच दार उघडा.'

तिघांनाही विचारलं, आपुलकी कुठे आहे? पहिला म्हणाला 'काकू'मध्ये. (पेशंट पुरुष असला तर? यावर तो गप्प.) दुसरी म्हणाली 'आपला' शब्दात. तिसरी म्हणाली, ओळखपत्र बघा म्हटलं, म्हणजे काळजी घेतली ना. मला तिसरी पटली. पण पान १० वरच्या त्या वाक्याप्रमाणे तिघंही पास आहेत. आता हे तीन एसेमेस मी अहवालाच्या पहिल्याच पानावर लावणार.

नियम असा बदलून सुचवतेय: आपुलकी म्हणजे नाती लावणं किंवा इमोजी नव्हे, वाचणाऱ्याचा पुढचा प्रश्न त्याने विचारायच्या आत सोडवणं. खाली दुसरा आणि तिसरा एसेमेस चूक-बरोबर म्हणून.

मंदार_नाशिक (बुधवार, रात्री १०.५०)

मला पहिलाच आवडला. आमच्या आईला असा एसेमेस आला तर ती खूश होईल. आपुलकी म्हणजे सोय, ही तुमची व्याख्या झाली, मराठीतला अर्थ तो नाही.

डीटीपीवाला (बुधवार, रात्री ११.२०)

मधेच घुसतो. एसेमेसची लांबी कुणी तपासली का? गाइडलाइनमध्ये अक्षरांची मर्यादा दिली असेल तर ती बघा.

शाईपेन (गुरुवार, सकाळी ८.१५)

पान २७: 'एसेमेस मराठीत असावा आणि १६० अक्षरांपेक्षा मोठा नसावा.' का हो?

डीटीपीवाला (गुरुवार, सकाळी ९.०५)

वाटलंच. हा एकाच वाक्यातला विरोधाभास. १६० इंग्रजीला. देवनागरी आली की तो एसेमेस युनिकोडमध्ये जातो आणि एका एसेमेसला ७० मिळतात. त्यापुढे गेलात की तुकडे पडतात, मग प्रत्येक तुकड्यात ६७ च. पेशंटला एकच दिसतो, बिल मात्र तुकड्यांप्रमाणे येतं.

शिवाय ७० म्हणजे आपण मोजतो तशी ७० अक्षरं नाहीत. काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगळं मोजतात. 'रिपोर्ट' आपल्याला तीन अक्षरी: रि, पो, र्ट. फोनला सात: र, वेलांटी, प, ओकार, र, हलन्त, ट. त्यांचा एखादा नमुना टाका, मोजून देतो.

शाईपेन (गुरुवार, सकाळी ९.२०)

पान २७ वरचाच 'बरोबर' म्हणून दिलेला: 'आपला रिपोर्ट तयार आहे. पाहण्यासाठी लिंकवर क्लिक करा.' पुढे लिंक.

डीटीपीवाला (गुरुवार, सकाळी ९.४५)

मजकूर ५२. एक जागा मोकळी आणि लिंक समजा २४ ची, झाले ७७. म्हणजे दोन एसेमेस. प्रत्येक रिपोर्टला दुप्पट खर्च, फक्त 'पाहण्यासाठी लिंकवर क्लिक करा' सांगायला. लिंक निळी दिसतेय, माणूस दाबणारच.

'तुमचा रिपोर्ट तयार आहे:' आणि लिंक. मोकळी जागा आणि २४ ची लिंक धरून ४८. पेशंटचं नाव घालायला २२ उरतात. एका घरात तीन रिपोर्ट असले तर नाव हवंच.

आणि हे विसरू नका: दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनंतर असे एसेमेस आधी डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत टेम्प्लेट म्हणून नोंदवावे लागतात. बदलत्या जागी ठरलेली खूण, बाकी मजकूर नोंदवल्याप्रमाणेच. म्हणजे 'आपला'चं 'तुमचा' करायचं ठरलं तर प्रत्येक टेम्प्लेट पुन्हा मंजूर करून घ्यावी लागणार. क्लायंटला आधीच सांगा. नाहीतर गाइडलाइनमध्ये 'तुम्ही' आणि फोनवर वर्षभर 'आपण' असं चालू राहील, आणि पुढच्या वर्षी कुणीतरी पुन्हा विसंगती काढेल.

जाता जाता: नमुन्यांत ल आणि श हिंदी वळणाचे दिसताहेत का? वेबवर `lang="mr"` लावलं आणि फॉन्टमध्ये मराठी वळणं असली तर पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप येतात. २००९ च्या शासन निर्णयातली वळणं तीच. हे फॉन्ट बघणाऱ्याला सांगा, तुमच्या गळ्यात घेऊ नका.

सांजवात (गुरुवार, दुपारी २.३०)

इतके दिवस नुसती वाचत होते. त्या 'निरोगी राहा'बद्दल सांगायचं होतं. आईची बायोप्सी झाली होती, निकालाची वाट बघत होतो. एसेमेस आला: 'अभिनंदन! आपला रिपोर्ट आला आहे. हसत राहा, निरोगी राहा!' 'अभिनंदन' वाचून बाबांनी मला कार्यालयात फोन केला, म्हणाले सगळं चांगलं आहे. मी संध्याकाळी रिपोर्ट उघडला. चांगलं नव्हतं. लॅब कुठली ते सांगत नाही, त्यांचा हेतू वाईट नसणार. पण तुमच्या कागदात असं काही असेल तर बघा.

शाईपेन (गुरुवार, दुपारी ३.४०)

सांजवात, काय बोलावं कळत नाही. लिहिलंत, बरं केलंत.

आहे. स्वराच्या भागात: 'प्रत्येक संदेश उत्साही शेवटाने संपवावा.' आणि पान २६ वर: 'संदेशातून वैद्यकीय निष्कर्ष सूचित करू नये.' मी ते दोन्ही तक्त्यात वेगवेगळ्या विषयांखाली टाकले होते, एक 'स्वर' मध्ये, एक 'कायदेशीर' मध्ये. त्यामुळे शेजारी आलेच नाहीत. 'अभिनंदन' हाच निष्कर्ष आहे हे मला सुचलंच नव्हतं.

पूर्णविराम (गुरुवार, रात्री ९.३०)

तक्ता इथे कमी पडतो, हे माझ्याकडून सांगायचं राहिलं. शब्दावरून दोन नियम भांडताना दिसत नाहीत, प्रसंग समोर ठेवला की दिसतात. म्हणून तक्त्यानंतर दहा-बारा खरे प्रसंग घ्या, त्यातले निम्मे वाईट: रिपोर्टला उशीर, नमुना खराब झाला, पैसे दोनदा कापले गेले, निकाल गंभीर. प्रत्येक प्रसंगाचा मजकूर कागदाप्रमाणे लिहून बघा. अशा कागदातली उदाहरणं बहुतेक आनंदाच्याच बातमीची असतात, कारण ती लिहायला सोपी.

आणि दोन नियम भिडले तर कोण जिंकणार ते वर, पहिल्याच पानावर हवं. इथे क्रम स्पष्ट आहे: आधी वैद्यकीय अचूकपणा, मग समजेल असं, मग स्वर. रिपोर्टच्या संदेशाला उत्साह नको, दुःखही नको. सगळ्यांना एकच कोरडं वाक्य.

मंदार_नाशिक (गुरुवार, रात्री ९.५५)

सांजवात यांचं वाचून माझा 'काकू, येतोय हं' मागे घेतो. निदान रिपोर्टच्या बाबतीत. घरी येण्याच्या एसेमेसला अजूनही चालेल असं वाटतं.

शाईपेन (शनिवार, सकाळी ११.००)

काल दिलं. तीन एसेमेस पहिल्या पानावर होते, तिथेच पंधरा मिनिटं चर्चा झाली. त्यांच्या दोन माणसांना पहिला आवडला, एकीला दुसरा. म्हणजे मुद्दा त्यांनीच सिद्ध केला.

'तुम्ही' मान्य. टेम्प्लेट पुन्हा नोंदवायचं ऐकून थोडी तोंडं वाकडी झाली, पण एसेमेस दोनाचा एक होतोय हे कळल्यावर हिशेबवाल्यांनीच पुढे रेटलं. उत्साही शेवट रिपोर्ट, बिल आणि तक्रारीतून काढला, फक्त शिबिराच्या जाहिरातीत ठेवला. उपाशीपोटीची जोडी 'का चूक' सकट जशीच्या तशी घेतली. कोकणवारा, चहाचा किस्सा तिथे सांगितला, तुमचं नाव न घेता.

अडलंय ते आकड्यांवर. पान १४ म्हणतं देवनागरी आकडे, पान ३१ म्हणतं रक्कम आणि रिपोर्टमधली मूल्यं 0-9 मध्ये. मशीनमधून येणारा रिपोर्ट बदलता येत नाही, म्हणून मी सगळीकडे 0-9 म्हटलं. मालकांनी मान हलवली, मराठी म्हणवता आणि आकडे इंग्रजी? मग मजकुरात देवनागरी आणि रिपोर्टमध्ये 0-9 असं म्हटलं, तर एकाच पडद्यावर '८ तास' आणि 'Hb 11.2' येतं. पुढच्या बैठकीवर ढकललंय. कुणी हे निस्तरलं असेल तर सांगा.

डीटीपीवाला (शनिवार, सकाळी ११.३५)

निस्तरलं नाही, सवय झाली. माझं मत 0-9. पण घरच्या पत्रिकेत मीही देवनागरीच छापले.

मसाल्यांची_राणी (शनिवार, दुपारी १२.१०)

रंगांचा धागा काढलाय, या तिकडे. आणि एक, माझ्या पाकिटावर 'घरगुती चव, आपुलकीची' असं छापून घेतलंय, पाचशे पाकिटं. आता वाचते तर वाटतं, म्हणजे काय? तिखट किती ते कुठेच लिहिलेलं नाही.